अँटीचं टेबल स्वस्त, बोनसचं महाग? कलरची ओळ वाचून ठरवा

कॅसिनोत शेजारी-शेजारी दोन टेबलं असतात. एकावर तीन पानांचा खेळ, थ्री कार्ड पोकर. दुसऱ्यावर पाच पानांचा हात जुळवायचा खेळ, कॅसिनो होल्डम. दिवाळीत तीन पत्ती खेळलेला माणूस सहसा पहिल्या टेबलाकडे वळतो, कारण तीन पानं त्याच्या ओळखीची असतात. दोन्हीकडे समोर डीलर एकटा. शेजारी बसलेल्यांच्या पानांशी आपला काही संबंध नसतो. दोन्हीकडे सुरुवातीला ‘अँटी’ नावाच्या गोलात चिप ठेवायची आणि मनात आलं तर बाजूच्या छोट्या गोलात बोनसची चिप ठेवायची. यातलं कुठलं टेबल आपल्याकडून कमी पैसे काढतं, या प्रश्नाला एक उत्तर नाही. फक्त अँटी लावली तर एक उत्तर येतं आणि बोनस लावला की ते उलटतं. तेही पुन्हा कधी उलटेल हे टेबलावरच्या कापडावर छापलेल्या एका ओळीवर ठरतं.

गावाकडच्या जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून सरळ ‘नाल’ काढून घेतो आणि ती सगळ्यांना दिसते. कॅसिनोत अशी नाल कुणी उचलताना दिसत नाही, ती नियमांत विणलेली असते. पानं अगदी प्रामाणिकपणे पिसलेली असली तरी लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सरासरी काही रुपये कॅसिनोकडे राहतील असेच हे नियम असतात. या सरासरीला हाउस एज म्हणतात. थ्री कार्ड पोकरमध्ये अँटीवर ती ३.३७ टक्के आहे आणि कॅसिनो होल्डममध्ये २.१६ टक्के. दोन्ही आकडे उत्तम खेळणाऱ्याचे आहेत. मनाला येईल तसं खेळणाऱ्याचा आकडा याहून मोठा असतो.

थ्री कार्ड पोकर डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूने १९९४ मध्ये रचला. त्याच्या समोर ‘ब्रॅग’ हा जुना इंग्रजी तीन पानी खेळ होता. आपली तीन पत्तीही त्याच ब्रॅगच्या घराण्यातली, त्यामुळे हे टेबल आपल्याला सख्ख्या नात्यातलं वाटतं. (हाच वेब पुढे ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांतल्या जलद जुगार यंत्रांविरुद्धच्या मोहिमेचा मोठा पाठीराखा झाला. टेबलाचं गणित स्वतः मांडलेल्या माणसाने यंत्रांविरुद्ध उभं राहावं, हे मला तरी बोलकं वाटतं.)

पण नातं असलं तरी रीत वेगळी आहे. इथे ब्लाइंड नाही, चाल नाही, समोरच्याला घाबरवून पॅक करायला लावणं तर नाहीच. अँटी लावा, तीन पानं बघा आणि ठरवा. पॅक केलं तर अँटी गेली. खेळायचं असेल तर अँटीइतकीच आणखी एक चिप ‘प्ले’च्या गोलात ठेवायची. मग डीलर आपली पानं उघडतो. त्याच्याकडे किमान राणी असली तरच तो ‘क्वालिफाय’ होतो. नसली तर तुम्हाला अँटीवर एकास एक मिळतो आणि प्लेची चिप जशीच्या तशी परत येते. तो क्वालिफाय झाला तर ज्याचा हात मोठा तो जिंकतो, दोन्ही चिपांवर एकास एक.

हातांच्या क्रमात एक फरक आहे आणि तीन पत्तीवाले हमखास तिथे अडखळतात. आपल्याकडे ट्रेल सगळ्यात मोठी, तर इथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर. कारण साधं मोजणीचं आहे. ५२ पानांतून तीन पानं निवडायच्या २२,१०० तऱ्हा होतात. त्यात ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८, म्हणून जास्त दुर्मीळ ते वर. सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० हात नुसत्या वरच्या पानाचे, म्हणजे चारातले जवळपास तीन. तिथे मात्र क्रम दुर्मीळतेचा नाही. ही मोजणी लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

पॅक कधी करायचं? पुस्तकी उत्तर असं की हातात राणी-६-४ किंवा त्याहून मोठं असेल तर खेळा, त्याखाली पॅक. हे ६ आणि ४ कुठून आले, असं बहुतेकांना वाटतं. कागद-पेन्सिल घेतली तर ते दहा मिनिटांत कळतं.

समजा अँटी १०० रुपयांची आहे आणि हातात अगदी टाकाऊ पानं आलीत, कुणालाच हरवणार नाहीत अशी. डीलरकडे राणीच्या खालचा हात येण्याच्या तऱ्हा ६,७२० आहेत, म्हणजे शंभरातल्या ३०.४ वेळा तो क्वालिफाय होणार नाही. टाकाऊ पानं घेऊन शंभर वेळा खेळलात तर ३०.४ वेळा १०० रुपये मिळतील आणि ६९.६ वेळा २०० रुपये जातील. एकूण तोटा साधारण १०,८८० रुपये. दर वेळी पॅक केलं असतं तर तोटा फक्त १०,००० रुपये. म्हणजे टाकाऊ हातात पॅक करणं ८८० रुपयांनी स्वस्त.

आता हातात थोडा दम आला असं धरा. क्वालिफाय झालेल्या डीलरला एकदा जरी हरवलंत तर जाणारे २०० जाण्याऐवजी २०० येतात, म्हणजे ४०० चा फरक पडतो. ८८० ची खोट भरून काढायला शंभरात २.२ वेळा असं व्हायला हवं. राणी-६-४ कुठल्या हातांना हरवते? डीलरची राणी-६-३, राणी-६-२, राणी-५ च्या खालचे तीन, राणी-४ चे दोन आणि राणी-३-२. आठ प्रकार झाले. प्रत्येकाच्या ६० तऱ्हा, एकूण ४८०. २२,१०० मध्ये ४८० म्हणजे शंभरात २.१७. तराजू जवळजवळ सपाट! आपल्या हातातली तीन पानं गड्डीतून वजा करून काटेकोर हिशेब मांडला की सीमा नेमकी इथेच पडते. राणी-६-४ खेळायची, राणी-६-३ टाकायची.

सीमेवर थोडं चुकलं तर फारसं बिघडत नाही. ‘डीलरसारखंच, राणी दिसली की खेळायचं’ असा आळशी नियम पाळला तर ३.३७ चे ३.४५ टक्के होतात. पण ‘आज पॅक करायचंच नाही’ असं ठरवून बसणाऱ्यासाठी तोच आकडा ७.६५ टक्क्यांवर जातो. दारू फुकट देण्यामागे हेही एक कारण असावं.

अँटीवर आणखी एक गोष्ट आपोआप मिळते, तिला अँटी बोनस म्हणतात. तिच्यासाठी वेगळी चिप लागत नाही. सिक्वेन्सला एकास एक, ट्रेलला एकास चार, प्युअर सिक्वेन्सला एकास पाच. आणि डीलरने तुम्हाला हरवलं तरी मिळते. दिसायला ती बक्षिसी वाटते, पण हिशेबात ती खेळाचा कणा आहे. वरच्या मोजणीप्रमाणे तिची किंमत अँटीच्या ५.२९ टक्के होते. ती काढून टाकली तर कॅसिनोचा वाटा ३.३७ वरून ८.६६ टक्क्यांवर जाईल. काही ठिकाणी ट्रेलला चाराऐवजी तीन आणि प्युअर सिक्वेन्सला पाचाऐवजी चार देतात. तेवढ्या कपातीने वाटा ३.८३ टक्के होतो.

बाजूचा छोटा गोल म्हणजे ‘पेअर प्लस’. इथे डीलरशी संबंधच नाही. तुमच्या तीन पानांत जोडी किंवा त्याहून मोठं काही आलं तर पैसे, नाहीतर चिप गेली. निर्णय घ्यायचा नाही, त्यामुळे चूकही होत नाही. सगळं फक्त दराच्या तक्त्यावर. जुना तक्ता असा होता: जोडीला एक, कलरला चार, सिक्वेन्सला सहा, ट्रेलला तीस, प्युअर सिक्वेन्सला चाळीस. प्रत्येक दर त्या हाताच्या तऱ्हांनी गुणा आणि बेरीज करा. २२,१०० डावांत एक-एक रुपया लावणाऱ्याला १५,९२८ रुपये मिळतात आणि त्याचे १६,४४० जातात. तूट ५१२ रुपयांची, म्हणजे २.३२ टक्के.

इथे थांबून बघण्यासारखं आहे. मुख्य पैजेवर ३.३७ टक्के आणि बाजूच्या बोनसवर २.३२. कॅसिनोत हे सहसा उलटं असतं. बाजूच्या पैजा म्हणजे महाग, हा नियम इथे मोडला होता आणि ज्यांना हिशेब येत होता ते अँटीपेक्षा पेअर प्लसवर खुश असत. अनेक कॅसिनोंनी मग तक्त्यात एकच आकडा बदलला. कलरला चाराऐवजी तीन.

बदल बारीक वाटतो. लक्ष जातं ते तीस-चाळीसच्या मोठ्या आकड्यांकडे आणि ते तर जागच्या जागी असतात. पण चाळीस देणारा हात २२,१०० मध्ये ४८ वेळा येतो, तर कलर १,०९६ वेळा. प्रत्येक कलरमागे एक रुपया कमी म्हणजे तूट ५१२ वरून १,६०८ वर. टक्केवारी २.३२ वरून ७.२८. एका आकड्याच्या बदलाने कॅसिनोचा वाटा तिप्पट झाला. आता पेअर प्लस हीच टेबलावरची महाग पैज. टेबलापाशी गेल्यावर तीस आणि चाळीस वाचत बसू नका, कलरची ओळ तेवढी वाचा. तिथे ३ असेल तर छोट्या गोलात चिप न ठेवलेली बरी.

आता शेजारच्या टेबलाकडे. कॅसिनो होल्डम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्टीफन ऑ-युंग याने रचला. पोकरचा जगभर खेळला जाणारा प्रकार, टेक्सस होल्डम, त्याने एका डीलरविरुद्ध खेळण्यासारखा केला. अँटी लावली की तुम्हाला दोन पानं, डीलरला दोन झाकलेली आणि मधे तीन सामाईक पानं उघडी. इथेच एकमेव निर्णय घ्यायचा. पॅक करा, नाहीतर अँटीच्या दुप्पट ‘कॉल’ लावा. मग आणखी दोन सामाईक पानं उघडतात आणि सातांतली उत्तम पाच पानं धरून हात ठरतो. डीलरला क्वालिफाय व्हायला किमान चव्व्याची जोडी लागते. तो झाला नाही तर अँटीचे पैसे मिळतात आणि कॉल परत येतो. जिंकणाऱ्याला अँटीवर मोठ्या हाताचे जास्त पैसे मिळतात, कलरला दोन, फुल हाउसला तीन आणि पुढे चढत्या दराने. मात्र थ्री कार्डसारखं हरल्यावरही काही मिळत नाही. आधी जिंकावं लागतं.

निर्णयाचा हिशेब असा. पॅक केलं तर एक अँटी नक्की गेली. कॉल केला तर एकूण तीन अँटी टेबलावर. डीलर क्वालिफाय होणारच असं धरलं, तर जिंकल्यावर तीन मिळतात आणि हरल्यावर तीन जातात. तिनात एकदा जिंकण्याची आशा असेल तर दोन्ही मार्गांचा तोटा सारखा येतो आणि त्याहून जास्त आशा असेल तर कॉल करायचा. दोन पानं अजून यायची असताना एक-तृतीयांश आशा बहुतेक हातांना असते, म्हणून उत्तम खेळणारा शंभरातल्या ८२ डावांत कॉल करतो. थ्री कार्डमध्ये तो सुमारे ६७ डावांतच पुढे जातो.

मग टाकायचे ते १८ कसे ओळखायचे? हातात एक्का-राजा आणि मधे ९-६-२ असेल, तर जोडी जुळलेली नसूनही कॉल करायचा, यात कुणी डगमगत नाही. फसगत होते ती मधे जोडी पडल्यावर. समजा मधे राजा-राजा-८ आलेत, तुमच्या हातात वेगवेगळ्या चिन्हांची चार आणि दुर्री आहे आणि कलर किंवा सिक्वेन्सला वाव नाही. पाहणाऱ्याला वाटतं, ‘माझ्याकडे राजांची जोडी आहे की!’ ती डीलरकडेही आहे. म्हणजे तो उघड्या डोळ्यांसमोर क्वालिफाय झालेला आहे आणि क्वालिफाय न होण्याने मिळणारी फुकटची अँटी या डावात मिळणारच नाही. शिवाय त्याच्या दोन झाकलेल्या पानांत नव्वी, दस्सी, गुलाम, राणी किंवा एक्का यातलं एकही असलं तरी तुमच्या चार-दुर्रीवर त्याचा हात भारी. अशा वेळी गपगुमान पॅक. मधे दुर्री-तिर्रीची जोडी पडली असेल तर गोष्ट वेगळी. चव्व्याची अट त्याने अजून पुरी केलेली नसते.

टक्केवारी कशाच्या मानाने मोजली, हे विचारायला हवं. ३.३७ आणि २.१६ हे दोन्ही आकडे अँटीच्या मानाने आहेत. पण टेबलावर पैसे अँटीपुरते थांबत नाहीत. थ्री कार्डमध्ये सरासरी डावाला १.६७ अँटी लागते, होल्डममध्ये २.६४. एकूण लावलेल्या पैशाच्या मानाने मोजलं तर थ्री कार्डचा वाटा २.०१ टक्के आणि होल्डमचा फक्त ०.८२ टक्के पडतो. होल्डम खूपच स्वस्त वाटू लागतो. माझ्या मते खिशासाठी पहिला आकडा खरा. आपण ‘आज पाचशेची अँटी’ असं ठरवून बसतो आणि तोटा त्या पाचशेवर मोजला की घरी जाताना किती कमी असेल ते कळतं. पण होल्डमला बसताना कॉलसाठी दुप्पट रक्कम हाताशी हवी, नाहीतर चांगल्या हातातही पॅक करावं लागतं.

होल्डमचा छोटा गोल ‘एए बोनस’ नावाचा. तुमची दोन आणि मधली पहिली तीन, या पाच पानांत एक्क्यांची जोडी किंवा त्याहून मोठं काही आलं तर पैसे. नेहमीच्या तक्त्यात एक्क्यांच्या जोडीपासून सिक्वेन्सपर्यंत सगळ्यांना सरसकट सात, कलरला वीस, फुल हाउसला तीस आणि वर शंभरपर्यंत. पाच पानांच्या साऱ्या तऱ्हा २५,९८,९६०. त्यांत पैसे देणारे हात १०.९ टक्के. गुणाकार-बेरीज केली की कॅसिनोचा वाटा ६.२६ टक्के येतो. पेअर प्लस चारात एकदा तरी काही देतो, हा नवात एकदा. सलग वीस डाव काहीच न लागण्याची शक्यता दहात एक, म्हणजे एका बैठकीत सहज घडणारी गोष्ट. इथे पाहायची ओळ म्हणजे तळातलं सात. देणाऱ्या हातांपैकी जवळपास सगळे त्याच ओळीत आहेत. सातचे सहा झाले तर वाटा एकदम साडेदहा टक्क्यांनी वाढेल.

आता दोन्ही टेबलं एका हिशेबात बसवू. ५०० रुपयांची अँटी, ४० डाव, नियमाप्रमाणे खेळ. बोनसला हात न लावता थ्री कार्डवर सरासरी तोटा ६७४ रुपये, होल्डमवर ४३२. होल्डम स्वस्त. आता प्रत्येक डावाला बोनसवरही ५०० लावा. होल्डमचा तोटा १,६८४ होतो. थ्री कार्डचा जुन्या तक्त्यावर १,१३७, म्हणजे आता थ्री कार्ड स्वस्त. आणि कलरला तीन देणाऱ्या तक्त्यावर २,१३०, म्हणजे पुन्हा होल्डम स्वस्त. तिन्ही वेळा माणूस तोच, अँटी तीच.

एका रात्रीत मात्र हे आकडे दिसणार नाहीत. पाचशेच्या बोनसवर चाळीस डावांत नऊ-दहा हजार इकडे किंवा तिकडे होणं अगदी सामान्य आहे, त्यात तोट्याचे हजार-दीड हजार लपून जातात. म्हणून ‘मला तर बोनस नेहमी लागतो’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याने मोजलेलं कमी असतं. वेगाचाही प्रश्न आहे. थ्री कार्डचा डाव लवकर आटपतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात तिथे जास्त डाव होतात आणि तोटा डावांनी मोजायचा असतो, तासांनी नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे टेबल कायदेशीरपणे गाठायचं तर गोवाच जवळ. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात टेबलावरचे खेळ मांडवीतल्या जहाजांवर चालतात. तिथे चिप्स घेताना दिलेल्या रकमेवर वस्तू आणि सेवा कर आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तो हाउस एजच्या कुठल्याही आकड्यात धरलेला नाही. त्यातला किती भार खेळणाऱ्यावर टाकलाय, ते चिप्सच्या खिडकीपाशी आधी विचारून घ्यावं. २.१६ आणि ३.३७ ची तुलना त्यानंतर सुरू होते.